एक नमुना, चारशे नावे

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत स्पर्धांची रीघ लागलेली असते. दिवाळीत किल्ले बांधण्याची स्पर्धा, मग निबंध, पाठांतर, वक्तृत्व, चित्रकला. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत ग्रामीण साहित्य संमेलने भरतात आणि त्यांच्याभोवतीही शाळकरी मुलांचे उपक्रम होतात. या सगळ्यांच्या शेवटी एक काम हमखास उरते. भाग घेतलेल्या प्रत्येक मुलाला, त्याच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र द्यायचे.

पूर्वी हे काम सुंदर अक्षर असलेल्या एखाद्या शिक्षकाकडे जाई. छापखान्यातून रिकामी जागा सोडलेली पत्रके येत आणि गुरुजी दोन-तीन रात्री बसून शाईने नावे भरत. आता मुलांच्या पालकांना प्रमाणपत्र फोनवर हवे असते आणि तेही फक्त आपल्या मुलाचे. चारशे पानांची एकच फाइल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून "आपापले पान शोधून घ्या" असे सांगणे कोणालाच आवडत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळी पीडीएफ, तिच्यावर त्याचेच नाव आणि फाइलच्या नावावरूनही ती कोणाची ते कळले पाहिजे. या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. एक यादी, एक नमुना आणि त्यातून शेकडो सुट्या फाइली.

संगणकाच्या दृष्टीने हे जुने काम आहे. याला मेल मर्ज म्हणतात. पत्राच्या मसुद्यात नावाच्या जागी एक खूण ठेवायची आणि यादीतली एकेक ओळ त्या खुणेत बसवत जायची. सीमाभागात मात्र या साध्या कामाला काही गाठी पडतात आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्या सुटत नाहीत. म्हणून ही प्रस्तावना यंत्राच्या आधी यादीपाशी थांबते.

उदाहरणासाठी तालुका पातळीवरची एक पाठांतर स्पर्धा घेऊ. तेवीस शाळा, ४१२ मुले. प्रत्येक शाळेने आपली यादी पाठवली आहे. काही याद्या मराठीत आहेत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. कारण मूल मराठी माध्यमात शिकत असले तरी कर्नाटकातल्या शाळेच्या दप्तरात त्याचे नाव बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. प्रमाणपत्र मराठीत द्यायचे तर नाव देवनागरीत आणावे लागणार आणि पहिली चूक इथेच होते. समोर इंग्रजी यादी आहे, लिप्यंतर करणारे साधन हाताशी आहे, मग एका झटक्यात चारशे नावे मराठीत का आणू नयेत?

आणू नयेत, कारण इंग्रजीत नावाचा निम्मा उच्चार हरवलेला असतो. `Kale` म्हणजे काळे की काले? `Sable` म्हणजे साबळे की सबले? `Mane` म्हणजे माने की मने? साधन एक पर्याय निवडते आणि तो चुकला तरी कोणतीही खूण दाखवत नाही. मराठी यादी मिळणे शक्यच नसेल तर इंग्रजीपेक्षा कन्नड यादी कितीतरी भरवशाची. कन्नड लिपीत ळ आहे, ट आणि त वेगळे आहेत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. शिवाय युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांची मांडणी समांतर आहे. दोन्ही इस्की या जुन्या भारतीय मानकावर बेतलेल्या आहेत. त्यामुळे एका लिपीतले अक्षर दुसरीत नेणे जवळजवळ एकास एक होते.

जवळजवळ, पूर्ण नव्हे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही वेगळी अक्षरे आहेत आणि शिंदे हे आडनाव तिथे सहसा ऱ्हस्व ए लावून लिहितात. यंत्राने ते इमानदारीने देवनागरीत नेले की "शिंदॆ" असे उमटते. मात्रेचे हे वेगळे वळण मराठीत कोणी वापरत नाही. लहान अक्षरात डोळ्यांना ते जाणवतही नाही. पण प्रमाणपत्रावर ३६ पॉइंटात छापल्यावर आईवडिलांना लगेच दिसते. तसेच काही याद्यांत पाटील या नावाच्या शेवटी कन्नड पद्धतीने पाय मोडलेला असतो आणि मराठीत "पाटील्" येते. हे दोन्ही प्रकार यादीत शोधून एकदाच बदलता येतात. फक्त शोधायचे असतात हे आधी ठाऊक हवे. तिसरा प्रकार मराठीचाच आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा नावांतला अर्धा र काही फोनच्या कीबोर्डवरून नीट टंकला जात नाही आणि "कुर्हाडे" असे रफार चढलेले रूप येते. यादीत "र्ह" ही अक्षरे शोधली की अशी नावे सापडतात.

या सगळ्यांवर एकच खात्रीचा उपाय आहे. तयार केलेली देवनागरी यादी शाळानिहाय छापून प्रत्येक वर्गशिक्षकाकडे पाठवायची आणि तपासून सही घेऊन परत मागवायची. मुलाचे नाव घरी कसे लिहितात ते शिक्षकाला ठाऊक असते, संगणकाला नसते. यात दोन दिवस जातात. ते दिवस कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरावेत.

दुसरी गाठ जुन्या फाँटची. बेळगावच्या डीटीपी सेंटरमधून आलेली यादी पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, पण ती श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली असू शकते. कन्नड यादीच्या बाबतीत नुडी किंवा बरहाचा जुना फाँट असतो. अशा फाइलीत खरे तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फाँट त्यांना मराठीचे रूप देतो. दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या फाँटमध्ये गेली की नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ उरतो. ओळखण्याची सोपी रीत अशी : एक्सेलमध्ये नावाच्या चौकटीवर क्लिक करावे आणि वरच्या फॉर्म्युला बारकडे पाहावे. तिथेही नाव मराठीत दिसले तर यादी युनिकोडमध्ये आहे. तिथे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर यादी जुन्या फाँटमध्ये आहे आणि ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवी. त्यासाठी परिवर्तक मिळतात. पण क्ष, ज्ञ, श्र आणि रफार असलेली नावे बदलानंतर डोळ्यांखालून घालावीच लागतात. यादी सीएसव्ही स्वरूपात साठवायची असेल तर एक्सेलमध्ये `CSV UTF-8` हाच पर्याय निवडावा. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि ती परत अक्षरांत आणता येत नाहीत.

यादी सुधारली की नमुन्याकडे वळावे. इथे मराठीचे व्याकरण आडवे येते आणि याकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. इंग्रजी वाक्यात नाव जसेच्या तसे बसते. मराठीत नावाला प्रत्यय लागला की त्याचे रूप बदलते. नमुन्यात "«शाळा»च्या विद्यार्थ्याने" असे लिहिले तर यंत्र "मराठी शाळाच्या" आणि "विद्यालयच्या" असे छापून मोकळे होईल. शाळेच्या आणि विद्यालयाच्या ही रूपे त्याला करता येत नाहीत. तीच गत "सीताने"ची. शिवाय विद्यार्थी की विद्यार्थिनी, त्याने की तिने हा प्रश्न प्रत्येक ओळीला वेगळा पडतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे यादीत आणखी रकाने वाढवणे : एकात शाळेचे सामान्यरूप, एकात "विद्यार्थ्याने" किंवा "विद्यार्थिनीने". चालते, पण ४१२ ओळींत हे भरताना नव्या चुका शिरतात. दुसरा आणि अधिक चांगला मार्ग म्हणजे वाक्यच असे रचायचे की कोणत्याही रकान्याला प्रत्यय लागणार नाही. "कु. «नाव», «शाळा», «गाव», यांनी पाठांतर स्पर्धेत सहभाग घेतला, याबद्दल हे प्रमाणपत्र देण्यात येत आहे." इथे "यांनी" सगळा भार उचलते, "कु." मुलाला आणि मुलीला दोघांना चालते आणि "सहभाग घेतला" या क्रियापदाला मुलगा-मुलगी हा भेद नाही. गावाच्या नावाचेही तसेच. "बेळगावच्या", "निपाणीच्या" अशा रूपांपेक्षा "येथील" जोडावे किंवा नाव सुटे ठेवावे. छापील नमुने वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत, कारण रिकाम्या जागेत काय भरले जाणार हे छापखान्यालाही ठाऊक नसे.

आता यंत्र. बहुतेकांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्ड असते आणि त्यातले मेल मर्ज चांगले आहे; पण त्याच्या `Finish & Merge` यादीत प्रत्येक ओळीची वेगळी पीडीएफ करण्याची सोय नाही. तिथून मिळते ती ४१२ पानांची एकच फाइल. मग लोक तिची पीडीएफ करतात आणि पानागणिक तुकडे पाडतात. त्यासाठी क्यूपीडीएफ नावाचे मोफत साधन आहे आणि आज्ञाही छोटी आहे :

```
qpdf --split-pages sarva.pdf pramanpatra-%d.pdf
```

तुकडे क्षणात पडतात, त्यांना क्रमांकही मिळतात. त्यानंतर यादीतल्या क्रमाने त्यांची नावे बदलायची. या पद्धतीत एक खोल खड्डा आहे. समजा, एकशे सहाव्या मुलाच्या शाळेचे नाव लांबलचक आहे आणि त्यामुळे मजकुराची शेवटची ओळ, म्हणजे सह्यांची ओळ, पुढच्या पानावर घसरली. आता एकूण पाने ४१३ झाली. एकशे सातव्या मुलाच्या नावाच्या फाइलीत फक्त सह्या आहेत. एकशे आठव्याच्या फाइलीत एकशे सातव्याचे प्रमाणपत्र आहे आणि शेवटपर्यंत प्रत्येकाला आधीच्या मुलाचे प्रमाणपत्र गेले आहे. पहिल्या शंभर फाइली उघडून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. म्हणून तुकडे पाडण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी : पीडीएफची पाने आणि यादीतल्या ओळी यांचा आकडा जुळतो का. नाही जुळला तर तिथेच थांबावे. जुळला तरी यादीतल्या शेवटच्या मुलाच्या नावाची फाइल उघडून तिच्यात त्याचेच प्रमाणपत्र आहे ना, हे पाहावे. कारण यादीच्या तळाशी राहून गेलेली एक रिकामी ओळ आणि मध्येच घसरलेले एक पान मिळून आकडा फसवा होऊ शकतो.

या पुस्तिकेत मुख्य मार्ग म्हणून लिबरऑफिस रायटर घेतले आहे. ते मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालते, देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट जोडते आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र पीडीएफ बनवते. एका मुलाचा मजकूर दुसऱ्या पानावर गेला तरी बिघडते फक्त त्याचीच फाइल. पुढची रांग सरकत नाही. शाळेच्या संगणकावर काम करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

रीत थोडक्यात अशी. `File > New > Database` मधून आधीच तयार असलेल्या स्प्रेडशीटशी जोडणी करायची आणि तिची नोंदणी करायची. मग रायटरमध्ये प्रमाणपत्राचा नमुना उघडून `View > Data Sources` ने यादी वरच्या बाजूला आणायची आणि रकान्याचे शीर्षक माउसने ओढून योग्य जागी सोडायचे. नमुन्याची वेलबुट्टी आणि चौकट हे चित्र पानाच्या पार्श्वभूमीत, म्हणजे `Page Style` मधल्या `Area` या भागात ठेवावे. मजकुराबरोबर हलणारे चित्र मर्जच्या वेळी त्रास देते. शेवटी `File > Print` म्हटले की रायटर विचारते, यादीसकट छापायचे का? हो म्हटल्यावर येणाऱ्या खिडकीत छपाईऐवजी फाइल निवडायची, प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल हवी असे सांगायचे, स्वरूप पीडीएफ ठेवायचे आणि फाइलचे नाव कोणत्या रकान्यातून घ्यायचे ते दाखवायचे.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर अनेकांचा अख्खा दिवस जातो. लिबरऑफिस रोमन मजकुरासाठी एक फाँट लक्षात ठेवते आणि देवनागरी, कन्नड अशा लिप्यांसाठी दुसरा. रकान्याचे शीर्षक `name` असे इंग्रजीत असेल, तर नमुन्यात ते निवडून फाँट मोठा केला तरी मोठा होतो तो रोमन फाँट. मर्ज झाल्यावर त्या जागी मराठी नाव येते आणि ते बारीक, भलत्याच फाँटमध्ये उमटते. उपाय असा की `Tools > Options` मधल्या भाषेच्या विभागात सीटीएल म्हणजे जटिल लिप्यांची सोय चालू करावी, मग `Format > Character` मध्ये त्या लिप्यांसाठी दिसणाऱ्या वेगळ्या चौकटीत फाँट आणि आकार ठरवावा. प्रमाणपत्रावर नाव मराठी आणि कन्नड दोन्हींत द्यायचे असेल तर दोघांसाठी दोन वेगळ्या कॅरेक्टर स्टाइल कराव्यात. लिबरऑफिसच्या दृष्टीने दोन्ही लिप्या एकाच गटात मोडतात आणि देवनागरीचा फाँट कन्नडला लागला तर त्याची जागा कोणता तरी पर्यायी फाँट घेतो.

फाइलचे नाव हा वरकरणी किरकोळ वाटणारा मुद्दा. पण हरवलेली प्रमाणपत्रे बहुधा इथेच हरवतात. फक्त मुलाच्या नावावरून फाइल केली तर एका तालुक्यात "राहुल पाटील" एकापेक्षा जास्त निघणार हे सांगायला नको. साधन कोणते यावर अवलंबून, दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसते किंवा तिला भलताच आकडा जोडला जातो. म्हणून यादीत एक वेगळा रकाना करावा. त्यात तीन अंकी अनुक्रमांक, शाळेचा छोटा संकेत आणि रोमन लिपीतले नाव. अनुक्रमांक A रकान्यात, शाळेचा संकेत B मध्ये आणि रोमन नाव C मध्ये असेल, तर सूत्र असे :

```
=TEXT(A2,"000")&"-"&B2&"-"&SUBSTITUTE(TRIM(C2)," ","_")
```

`TRIM` नावाच्या आगेमागे चिकटलेल्या रिकाम्या जागा काढते. फाइलचे नाव रोमनमध्ये ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे : देवनागरी नावांच्या फाइली झिप करून पाठवल्या की काही जुन्या संगणकांवर नावे विस्कटतात. नावात तिरकी रेघही नको. "५/६ वी" असे काही आले की फाइल तयारच होत नाही. मुलाची जन्मतारीख किंवा पालकाचा फोन नंबर मात्र फाइलच्या नावात कधीही घालू नये, कारण ही फाइल पुढे कुठे कुठे जाईल याला धरबंध नसतो.

फाइलीचा आकारही आधीच पाहावा. स्कॅन केलेली पाच मेगाबाइटची पार्श्वभूमी प्रत्येक पीडीएफमध्ये बसली तर ४१२ फाइलींचे दोन गिगाबाइट होतात आणि खेड्यातल्या पालकाला आपली फाइल उतरवून घेणे जड जाते. आडव्या ए-४ पानासाठी १५० डीपीआयला साधारण १७५४ बाय १२४० पिक्सेलचे जेपीईजी चित्र पुरते आणि फोनवर ते स्पष्ट दिसते. घरी रंगीत प्रिंट काढणाऱ्यांसाठी हवी तर ३०० डीपीआयची वेगळी आवृत्ती ठेवावी.

एक इशारा, प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्यांसाठी. पायथनमधून थेट पीडीएफ रचणाऱ्या अनेक लायब्रऱ्या इंग्रजी झकास लिहितात, पण अक्षरजोडणी आपणहून करत नाहीत. तेव्हा "किरण" मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि "क्षितिज" मधला क्ष फुटून पाय मोडलेला क दिसतो. एफपीडीएफ-२ मध्ये ही जोडणी `set_text_shaping(True)` ने चालू करावी लागते. म्हणून चाचणीची नावे नेहमी "क्षितिज कुऱ्हाडे" अशी घ्यावीत, "राम पाटील" नव्हे.

चाचणी पाच ओळींवर करावी : सर्वांत लांब नाव, सर्वांत लांब शाळेचे नाव, एक रफार किंवा जोडाक्षराचे नाव, एक रिकामा रकाना आणि यादीतली शेवटची ओळ. या पाच फाइली बरोबर निघाल्या की मगच ४१२ काढाव्यात. निघाल्यानंतर फोल्डरमधल्या फाइली मोजाव्यात, आकारानुसार लावून टोकाच्या फाइली उघडाव्यात आणि प्रत्येक शाळेची एक फाइल त्या शाळेच्या सही केलेल्या यादीशी ताडून पाहावी. या तपासणीला अर्धा तास लागतो.

पुढच्या प्रकरणांत हेच काम पायरी-पायरीने, पडद्याच्या चित्रांसह दिले आहे. वाचकांना एक विनंती आहे. सराव करताना मुलांची खरी यादी वापरू नका, दहा काल्पनिक नावे घ्या. आणि खरी यादी हाती आली की ती आधी वर्गशिक्षकांकडे पाठवा. त्यांची सही येईपर्यंत एकही प्रमाणपत्र काढू नका.